ईसीजीची पट्टी वाचताना: अनियमित ताल आणि रुंद ताल

ईसीजीच्या कागदावर बारीक रेघांचे चौकोन छापलेले असतात. कागद यंत्रातून सेकंदाला २५ मिलिमीटर वेगाने सरकतो. त्यामुळे एक मिलिमीटरचा लहान चौकोन म्हणजे ०.०४ सेकंद, आणि असे पाच चौकोन मिळून होणारा मोठा चौकोन म्हणजे ०.२ सेकंद. आडव्या दिशेने काळ मोजायचा आणि उभ्या दिशेने विद्युतदाब. हृदयाचा ताल ओळखताना उभ्या मापाचे काम थोडे असते, बहुतेक निर्णय आडव्या मापावरच होतात. हॉलंडमधील लायडनच्या विलेम आइंटहोव्हेन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी ही नोंद घेण्याची विश्वासार्ह पद्धत बसवली आणि तिच्यातील तरंगांना पी, क्यू, आर, एस, टी ही अक्षरे दिली. १९२४ साली त्यांना त्याबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले. अक्षरे आजही तीच आहेत, आणि अतिदक्षता विभागातील मॉनिटरवर रात्रंदिवस तेच तरंग धावत असतात.

निरोगी ठोक्याची सुरुवात उजव्या अलिंदाच्या वरच्या भागातील सायनस नोडमध्ये होते. तिथून निघालेली विद्युत लहर दोन्ही अलिंदांत पसरते आणि पट्टीवर पी हा छोटा, गोलसर उंचवटा उमटतो. अलिंद आणि निलय यांच्या सीमेवरील एव्ही नोडमध्ये लहर क्षणभर अडते, तेवढ्यात अलिंदांतील रक्त निलयांत उतरते. पी सुरू झाल्यापासून पुढचा तरंग सुरू होईपर्यंत साधारण तीन ते पाच लहान चौकोन जातात. मग लहर हिस बंडल, त्याच्या दोन शाखा आणि पर्किंजे तंतू या खास वाहिन्यांतून दोन्ही निलयांत जवळजवळ एकदम पोहोचते. हा क्यूआरएस: उंच, टोकदार, आणि रुंदीला तीन लहान चौकोनांपेक्षा कमी. शेवटचा टी तरंग म्हणजे निलयांचे स्नायू पुढच्या ठोक्यासाठी पुन्हा तयार होत असल्याची खूण.

पट्टी हातात आली की आधी वेग काढायचा. तीस मोठे चौकोन म्हणजे सहा सेकंद. तेवढ्या लांबीत क्यूआरएस किती आले ते मोजून दहाने गुणले की मिनिटाचे ठोके मिळतात. ताल एकसारखा असो की विस्कळीत, ही रीत दोन्हीकडे चालते, म्हणून वॉर्डात तीच सर्वांत उपयोगी. त्यानंतर प्रश्न तीन. क्यूआरएसमधील अंतरे सारखी आहेत का? प्रत्येक क्यूआरएसच्या आधी पी आहे का? आणि क्यूआरएस अरुंद आहे की रुंद? एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे एएफ, आणि व्हेंट्रिक्युलर टॅकिकार्डिया, म्हणजे व्हीटी, यांतला फरक याच तीन प्रश्नांच्या उत्तरांत आहे. दोन्हींत ठोके जलद असू शकतात, दोन्हींत मॉनिटर ओरडतो, दोन्हींत रुग्ण छातीत धडधडत असल्याचे सांगतो. पण एकात बिघाड अलिंदात असतो आणि दुसऱ्यात निलयात, त्यामुळे हाती असलेला वेळही वेगळा असतो.

एएफमध्ये सायनस नोडच्या हातून ताबा सुटलेला असतो. अलिंदांच्या भिंतीत एकाच वेळी अनेक ठिकाणी विद्युत लहरी भरकटत फिरतात आणि अलिंदे नीट आकुंचन पावण्याऐवजी मिनिटाला ३५० ते ६०० वेळा नुसती थरथरतात. एकसंध लहर नाही म्हणून पी नाही. पायाची रेघ सरळ न राहता बारीक, ओबडधोबड थरथरते. एव्ही नोडवर या लहरींचा मारा सुरू असतो, आणि त्यांतल्या काहीच, त्याही कोणत्याही क्रमाविना, खाली सुटतात. म्हणून निलयांचे ठोके पूर्णपणे अनियमित पडतात. मात्र खाली उतरलेली प्रत्येक लहर नेहमीच्याच वाहिन्यांतून जाते, त्यामुळे क्यूआरएस अरुंदच राहतो.

ही अनियमितता डोळ्यांनी अंदाजण्यापेक्षा मोजलेली बरी. कोऱ्या कागदाची कड पट्टीवर ठेवायची, लागोपाठच्या दोन आर टोकांवर पेन्सिलीने खुणा करायच्या आणि कागद पुढे सरकवायचा. नियमित तालात खुणा पुढच्या जोडीवर चपखल बसतात. एएफमध्ये त्या कुठेच बसत नाहीत. एखाद्या पट्टीवर ही अंतरे लहान चौकोनांत अशी येतात: १२, १७, १०, १४, १९, ११. सहा सेकंदांत अकरा क्यूआरएस, म्हणजे मिनिटाला सुमारे ११० ठोके. या आकड्यांत कुठलाही क्रम पुन्हा येत नाही, आणि एएफची खरी खूण तीच. काही वेळा ताल अनियमित असूनही त्यात आकृतिबंध सापडतो, जसे दर तिसरा ठोका लवकर येणे. तो एएफ नव्हे. मॉनिटरवरचा ठोक्यांचा आकडा सारखा बदलत राहणे, आता ९६, लगेच १२८, मग १०४, हीदेखील एएफची ओळखीची वागणूक आहे.

व्हीटीत गोष्ट उलटी असते. ठोका निलयाच्या स्नायूतच जन्म घेतो, बहुधा जुन्या हृदयविकाराच्या झटक्याने राहिलेल्या व्रणाच्या कडेला. मृत आणि जिवंत स्नायूंच्या सरमिसळीत लहरीला एक वर्तुळ सापडते आणि ती त्यात फिरत राहते. प्रत्येक फेरीत निलयांना एक ठोका मिळतो. पण हा ठोका पर्किंजे तंतूंच्या वाटेने न पसरता स्नायूपेशींतून स्नायूपेशींत सरकत जातो. द्रुतगती मार्ग सोडून बांधाबांधाने गाव गाठायचे तसा त्याला वेळ लागतो, आणि तो वेळ पट्टीवर रुंदी होऊन दिसतो. क्यूआरएस तीन लहान चौकोन किंवा त्याहून अधिक रुंद, आकाराने वेगळा आणि सहसा एकामागून एक तंतोतंत सारखा. वर्तुळ एकच असल्याने तालही नियमित असतो. समजा, दोन आर टोकांत नऊ लहान चौकोन आहेत. मिनिटाच्या कागदात असे १५०० चौकोन मावतात, त्यांना नऊने भागले की १६७ ठोके. रुंदी चार चौकोन, म्हणजे ०.१६ सेकंद. व्हीटीचा ताल मिनिटाला शंभराच्या वर असतो, आणि पुष्कळदा तो १४० ते २०० या टप्प्यात सापडतो.

असे निलयातले ठोके लागोपाठ तीन आले तरी त्याला व्हीटीच म्हणतात. तीस सेकंदांच्या आत आपोआप थांबली तर ती अल्पकालीन, तीस सेकंदांपुढे गेली किंवा त्याआधीच रक्तदाब कोसळवला तर टिकून राहिलेली. अल्पकालीन व्हीटी विसरून जायची नसते. तिची पट्टी छापून, वेळ टाकून फाइलला लावायची आणि डॉक्टरांना कळवायचे, कारण पुढच्या मोठ्या झटक्याची ती पूर्वसूचना असू शकते.

व्हीटीच्या पट्टीत कधी कधी आणखी एक मौल्यवान पुरावा लपलेला असतो. निलये स्वतःच्या वेगाने धावत असताना अलिंदे सायनस नोडच्या आज्ञेने आपल्या संथ चालीने चालूच असतात. मग रुंद क्यूआरएसच्या मधेमधे, त्यांच्याशी काहीही संबंध नसलेले पी तरंग डोकावतात. एखादी अलिंदाची लहर मोका साधून खाली उतरली तर रुंद ठोक्यांच्या रांगेत एकच अरुंद ठोका दिसतो. दोन्ही खुणा सापडल्या तर व्हीटी जवळजवळ नक्की. सापडल्या नाहीत म्हणून व्हीटी नाही असे मात्र म्हणता येत नाही, कारण जलद तालात त्या बहुतेकदा झाकल्याच जातात. शिवाय रुग्णाला मुळातच एएफ असेल तर शोधायला पी नसतातच.

पुस्तकातल्या नमुन्यावर हा भेद सोपा वाटतो. खरी अडचण येते ती मधल्या पट्ट्यांवर. हिस बंडलाची एक शाखा आधीपासून बंद असलेल्या रुग्णाला एएफ झाला तर क्यूआरएस रुंद दिसतो, पण अंतरे अनियमितच राहतात. अशा वेळी जुना ईसीजी काढून पाहावा. त्यावरही हीच रुंदी आणि हाच आकार असेल तर बरेचसे उत्तर मिळते. दुसरी अडचण फार जलद एएफची. ठोके मिनिटाला १७०च्या घरात गेले की अंतरांतला फरक एकदोन चौकोनांवर येतो आणि ताल नियमित असल्याचा भास होतो. इथे छोटी पट्टी फसवते. लांब पट्टी छापून कागदाच्या कडेने मोजले की अनियमितता उघडी पडते.

तिसरी पट्टी क्वचित येते, पण ती ओळखता आली पाहिजे. काही माणसांच्या हृदयात जन्मतःच अलिंद आणि निलय यांना जोडणारी एक जादा वाट असते. त्यांना एएफ झाला तर लहरी एव्ही नोडला वगळून या वाटेने खाली कोसळतात. पट्टीवर रुंद, अनियमित आणि कधी २००च्या वर गेलेले ठोके दिसतात, क्यूआरएसचा आकारही ठोक्यागणिक बदलतो. एरवी एएफचा वेग आवरणारी व्हेरापामिल, डिल्टियाझेम, डिगॉक्सिन ही औषधे इथे घातक ठरतात. ती एव्ही नोडची वाट रोखतात आणि सगळी वाहतूक जादा वाटेकडे जाऊ शकते. त्यामुळे रुंद आणि अनियमित ताल दिसला की डॉक्टरांनी बारा लीडचा ईसीजी पाहेपर्यंत एएफचे नेहमीचे इंजेक्शन भरायची घाई करू नये.

सर्वांत मोठी चूक मात्र पट्टीमुळे होत नाही, रुग्णाच्या चेहऱ्यामुळे होते. रुंद क्यूआरएसचा जलद ताल चालू आहे, पण रुग्ण बसून बोलतो आहे, रक्तदाब ११० आहे, म्हणून ही व्हीटी नसावी असा तर्क केला जातो. तो चुकीचा आहे. व्हीटीतही काही रुग्ण तासभर शुद्धीवर राहतात. रक्तदाब टिकून आहे यावरून पुढे किती घाई करायची ते ठरते, ताल कोणता ते ठरत नाही. म्हणून रुंद क्यूआरएसचा नियमित जलद ताल म्हणजे, दुसरे काही सिद्ध होईपर्यंत, व्हीटीच धरायची, विशेषतः पूर्वी हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या माणसात.

याच्या उलट चूकही घडते. रुग्ण दात घासत असतो, अंग खाजवत असतो, थंडीने कुडकुडत असतो किंवा कंपवाताने हात हलत असतो, आणि मॉनिटरवर हुबेहूब व्हीटी उमटते. अशा खोट्या पट्टीत नीट पाहिले तर रुंद लाटांच्या आत मूळ अरुंद क्यूआरएसची टोके आपल्या जुन्या अंतरावर चालत असलेली सापडतात. बोटाला लावलेल्या ऑक्सिजन मापकाची लाटही आधीच्याच संथ गतीने येत राहते. घामाने सुटलेले इलेक्ट्रोड रेघ थरथरवून एएफचा भासही निर्माण करतात. म्हणून कोणताही अलार्म वाजला की पहिली नजर रुग्णाकडे आणि दुसरी पडद्याकडे, हा क्रम पाळावा लागतो. अलार्म खोटाच असणार असे धरून तो लांबूनच बंद करणे ही मात्र अतिशय धोकादायक सवय आहे.

एएफच्या रुग्णाजवळ परिचारिकेचे पहिले काम म्हणजे तो स्थिर आहे की नाही ते पाहणे. शुद्ध, रक्तदाब, श्वास, छातीतले दुखणे, हातापायांची ऊब. रक्तदाब घसरला असेल, रुग्ण गोंधळला असेल किंवा फुप्फुसात पाणी साचून धाप लागली असेल आणि त्याला जलद ताल कारण असेल, तर विजेच्या शॉकची तयारी करावी लागते. पण बहुतेक एएफ असा नसतो. तिथे शांतपणे मोजमाप करायला वेळ असतो, आणि मोजण्याची रीतही वेगळी असते. मनगटाची नाडी १५ सेकंद मोजून चारने गुणणे इथे चालत नाही. स्टेथोस्कोप छातीवर ठेवून पूर्ण एक मिनिट ठोके मोजायचे आणि त्याच मिनिटात दुसऱ्या व्यक्तीने मनगटाची नाडी मोजायची. छातीवर ११८ आणि मनगटावर ९२ आले तर २६ ठोके असे पडले की निलये भरायच्या आतच आकुंचली आणि रक्त मनगटापर्यंत पोहोचले नाही. औषधाने वेग आटोक्यात येऊ लागला की हा फरक कमी होतो, म्हणून तो रोज त्याच रीतीने नोंदवण्यात अर्थ आहे. रक्तदाबही ठोक्यागणिक बदलत असल्याने यंत्राच्या एका आकड्यावर विसंबू नये, दोनतीन वेळा मोजून पाहावा.

एएफचा दुसरा धोका मेंदूत असतो. थरथरणाऱ्या डाव्या अलिंदात, विशेषतः त्याच्या कानासारख्या छोट्या कप्प्यात, रक्त साचून गुठळी होते. ती सुटली तर मेंदूच्या धमनीत अडकते आणि पक्षाघात होतो. धडधड नेमकी कधी सुरू झाली, हा प्रश्न त्यासाठीच विचारायचा. ४८ तासांहून जुना किंवा सुरुवात ठाऊक नसलेला एएफ पुरेसे रक्तपातळ औषध दिल्याशिवाय किंवा अलिंदात गुठळी नसल्याची खात्री केल्याशिवाय मुद्दाम सायनस तालात आणत नाहीत. नियमित आकुंचन सुरू होताच आत बसलेली गुठळी बाहेर फेकली जाऊ शकते. जीव धोक्यात असेल तर मात्र शॉकसाठी थांबत नाहीत. संधिवाताच्या तापाने मायट्रल झडप आकुंचलेले रुग्ण आपल्याकडे अजूनही येतात, त्यांत तरुण स्त्रिया पुष्कळ असतात. अशा रुग्णांना एएफ झाला तर नव्या गोळ्यांऐवजी वॉरफरिनच्या जातीचे जुने औषध आणि आयएनआर ही रक्तचाचणी हाच मार्ग धरला जातो. आयएनआर सहसा २ ते ३ मध्ये ठेवतात. हिरड्यांतून रक्त, काळे शौच किंवा अंगावर निळे डाग दिसले तर पुढची मात्रा देण्याआधी कळवायचे. बोलणे अडखळले, तोंड वाकडे झाले किंवा एक हात लुळा पडला तर घड्याळ पाहून वेळ लिहायची, कारण गुठळी विरघळवणारे औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते.

व्हीटीतली कृती एका नमुना प्रसंगावरून चांगली कळते. ६४ वर्षांचा एक पुरुष रुग्ण, सहा वर्षांपूर्वी झटका येऊन गेलेला, हृदयाची ताकद कमी झालेली, जुना एएफ असलेला. अंगावर सूज आणि धाप म्हणून दोन दिवसांपासून आयसीयूत आहे आणि लघवी वाढवणारे फ्युरोसेमाइड शिरेतून चालू आहे. सकाळच्या तपासणीत पोटॅशियम ३.१ आले होते. रात्री पावणेतीनपर्यंत मॉनिटरवर त्याचा ओळखीचा एएफ: अरुंद, विस्कळीत, शंभरच्या आसपास. अचानक ठोके १६७ होतात आणि आकडा तिथेच खिळतो. क्यूआरएस रुंद झालेला, अंतर प्रत्येक वेळी नऊ चौकोन.

इथे सर्वांत बोलकी गोष्ट वेग नव्हे, आकडा खिळणे ही आहे. एएफचा ताल एकाएकी नियमित झाला तर तो सुधारला असे समजणे साहजिक वाटते, पण एएफ स्वतःहून असा शिस्तीत येत नाही. कुणीतरी दुसऱ्याने ताबा घेतलेला असतो. रुंद आणि जलद असेल तर व्हीटीचा संशय. अरुंद, संथ आणि नियमित असेल तर सायनस ताल परतला असेल किंवा डिगॉक्सिन अंगात साचल्याने खालचे केंद्र चालू झाले असेल. सायनस असेल तर प्रत्येक क्यूआरएसच्या आधी पी दिसलाच पाहिजे.

सिस्टर खाटेजवळ जाते. रुग्ण जागा आहे. "सिस्टर, छातीत कसंतरीच होतंय," असे तो सांगतो. मनगटाला नाडी लागते, जलद आणि बारीक. रक्तदाब १०४/६८, तासापूर्वी तो १२४/७८ होता. नाडी आहे आणि रुग्ण बोलतो आहे, म्हणून छाती दाबण्याची वेळ आलेली नाही. पण तिने रुग्णाला सोडून फोनकडे जाऊ नये. हाक मारून दुसऱ्या सिस्टरला बोलवायचे, ड्यूटी डॉक्टरांना कळवायला आणि इमर्जन्सी ट्रॉली आणायला सांगायचे. डिफिब्रिलेटरचे चिकटपट्टे आत्ताच लावायचे, एक उजव्या गळपट्टीच्या हाडाखाली आणि दुसरा डाव्या काखेखाली. रक्तदाब पडल्यावर घामेजलेल्या छातीवर ते लावत बसणे म्हणजे वेळ गमावणे. शिरेतली सुई चालते का ते सलाईन सोडून तपासायचे. ऑक्सिजनची पातळी कमी असेल तर ऑक्सिजन द्यायचा. बारा लीडचा ईसीजी काढायचा आणि पोटॅशियम, मॅग्नेशियमसाठी रक्त घ्यायचे. यातला ईसीजी अनेकदा राहून जातो, आणि नंतर व्हीटी नेमकी कुठून उठली ते शोधणाऱ्या हृदयतज्ज्ञाला त्याचीच सर्वांत जास्त गरज असते.

फोनवरचे बोलणे छोटे पण पूर्ण असावे. "सर, चार नंबरच्या पेशंटला रुंद क्यूआरएसचा नियमित ताल, रेट १६७, दोन वाजून त्रेचाळीस मिनिटांनी सुरू झाला. नाडी आहे, बोलतोय, बीपी १०४. आधी एएफ होता, जुना झटका आहे, सकाळचं पोटॅशियम ३.१. पॅड लावलेत, ईसीजी काढतोय. तुम्ही लगेच या." 'पेशंट बरा नाही' एवढ्यावर डॉक्टरांना काहीच ठरवता येत नाही.

डॉक्टर अमिओडॅरोन सांगतात: १५० मिलिग्रॅम, पाच टक्के डेक्स्ट्रोजमध्ये मिसळून, दहा मिनिटांत. तोंडी सूचना मोठ्याने परत म्हणून मगच औषध भरायचे. अमिओडॅरोन स्वतःही रक्तदाब उतरवते, म्हणून ते जात असताना दर दोनतीन मिनिटांनी बीपी पाहायचे. या प्रसंगात सहाव्या मिनिटाला तो ७६/५० होतो. कपाळावर थंड घाम, विचारलेल्याचे उत्तर भलतेच. आता रुग्ण अस्थिर आहे आणि औषधाचा परिणाम होण्याची वाट पाहता येत नाही. शॉक द्यायचा, पण तालाशी जुळवून.

डिफिब्रिलेटरवरचे सिंक बटण दाबले की यंत्र प्रत्येक आर टोकावर एक खूण दाखवते. ती टी तरंगावर पडत नाही ना, ते पाहणे जरुरीचे आहे. निलये पुन्हा सज्ज होत असताना टी तरंगाच्या नाजूक टप्प्यावर शॉक बसला तर व्हीटीचे रूपांतर व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशनमध्ये होऊ शकते, म्हणजे हृदय पंपच करेनासे होते. रुग्ण शुद्धीवर असल्याने मिडॅझोलामसारखे झोपेचे औषध थोडे द्यायचे आणि श्वासावर नजर ठेवायची. ऑक्सिजनचा प्रवाह दूर सारायचा, सगळ्यांना खाटेपासून बाजूला व्हायला सांगून स्वतः पाहून खात्री करायची. नियमित व्हीटीसाठी सुरुवात १०० ज्यूलने करतात. एएफसाठी शॉक द्यावा लागला तर साधारण २०० ज्यूल लागतात. बटण दाबल्यावर यंत्र पुढच्या आर टोकाची वाट पाहते, त्यामुळे शॉक क्षणभर उशिरा सुटतो. तो सुटेपर्यंत बटण दाबून धरायचे. यंत्र बिघडले समजून बोट काढले की शॉक वाया जातो. अनेक यंत्रे एका शॉकनंतर सिंकमधून आपोआप बाहेर पडतात, म्हणून दुसरा शॉक लागला तर बटण पुन्हा दाबायचे.

शॉकनंतर पट्टीवर क्षणभर सरळ रेघ आणि मग अरुंद, विस्कळीत ठोके येतात: १०४ च्या आसपासचा जुना एएफ. बीपी ११०/७० होते, रुग्ण पुन्हा ओळखीचे बोलू लागतो. व्हीटी गेली आहे, तिचे कारण गेलेले नाही. अमिओडॅरोनची संथ धार पुढे चालू राहते, आरंभी सहा तास मिनिटाला एक मिलिग्रॅम आणि नंतर अर्धा. पोटॅशियम शिरेतून हळूहळू, पंपाने द्यायचे. ते सिरिंजने एकदम देणे प्राणघातक आहे. साध्या शिरेतून तासाला १० मिलिमोलपेक्षा अधिक सहसा देत नाहीत. जखमी हृदयात पोटॅशियम ४ च्या वर आणि मॅग्नेशियम २ च्या आसपास ठेवण्याचा प्रयत्न असतो, कारण दोन्ही कमी पडली की निलयाचे स्नायू सहज भडकतात. या रुग्णात फ्युरोसेमाइडने लघवीवाटे तेच घडवले होते. सकाळचा ३.१ हा आकडा फाइलमध्ये नुसता लिहून ठेवला गेला, ही या प्रसंगातली खरी चूक.

पहिल्या हाकेलाच उत्तर आले नसते आणि श्वासही नसता, तर सगळा क्रम बदलला असता. मानेतली नाडी जास्तीत जास्त दहा सेकंद पाहायची. ती लागली नाही तर पट्टीवर कितीही नेटकी व्हीटी धावत असो, हृदय थांबलेलेच समजायचे. कोड ब्लूची हाक देत लगेच छाती दाबायला सुरुवात: मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच ते सहा सेंटिमीटर खोल, दर दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ देत. शॉक इथे सिंकशिवाय आणि मोठा, बायफेजिक यंत्रावर सहसा २०० ज्यूल. नाडी नसलेल्या रुग्णात यंत्र सिंकवर राहिले तर ते आर टोक शोधत बसते आणि शॉक सुटतच नाही. रुग्णालयाच्या नियमांत बसत असेल तर प्रशिक्षित परिचारिकेने डॉक्टरांची वाट न पाहता हा पहिला शॉक द्यावा. शॉक बसताच पट्टी न्याहाळत न थांबता पुन्हा दोन मिनिटे छाती दाबायची आणि मगच ताल पाहायचा. अ‍ॅड्रेनलिन एक मिलिग्रॅम दर तीन ते पाच मिनिटांनी, आणि तिसऱ्या शॉकनंतरही ताल तोच राहिला तर अमिओडॅरोन ३०० मिलिग्रॅम. हीच मात्रा नाडी असलेल्या रुग्णात १५० असते आणि दहा मिनिटांत जाते. दोन्हींची गल्लत होऊ नये म्हणून ट्रॉलीवर दोन्ही मात्रा मोठ्या अक्षरांत लिहिलेल्या असाव्यात.

रुंद ठोक्यांची उंची कमीजास्त होत, ते एका रेघेभोवती पीळ घेतल्यासारखे दिसू लागले तर ती व्हीटीची वेगळी जात असते. काही औषधांनी किंवा मॅग्नेशियम-पोटॅशियम कमी होण्याने क्यूटी अंतर लांबलेले असताना ती उठते. तिथे पहिले औषध मॅग्नेशियम, दोन ग्रॅम शिरेतून. अमिओडॅरोन टाळतात, कारण ते क्यूटी अंतर आणखी लांबवते. या जातीत आर टोके ठरावीक नसल्याने सिंकही नीट जमत नाही. रुग्ण कोसळला तर सिंकशिवायच शॉक देतात.

प्रसंग निभावला की पट्ट्या फाइलला लावायच्या: व्हीटी सुरू होतानाची, शॉकच्या क्षणाची आणि नंतरची, प्रत्येकीवर वेळ, रक्तदाब आणि दिलेले औषध. सुरुवातीचे चारपाच ठोके टिपलेले असतील तर व्हीटी एका लवकर आलेल्या रुंद ठोक्याने पेटली की ठोके हळूहळू वाढत गेले, हे दिसते आणि पुढच्या उपचाराला दिशा मिळते. पुढच्या पाळीच्या सिस्टरला बीपी आणि ताल यांबरोबर पोटॅशियमचा ताजा आकडा, पुढची तपासणी किती वाजता, चिकटपट्टे छातीवर ठेवले आहेत की काढले, आणि छातीवरची कातडी कुठे भाजली आहे का, हेही सांगायचे. व्हीटी पहिल्या २४ तासांत परत येऊ शकते, म्हणून पट्टे त्या रात्री काढत नाहीत.